कंपनीकडून घेतलेली ‘उचल’ पगारातून कशी कापली जाते? व्याज, हप्ता आणि राजीनाम्याच्या दिवशीचा हिशोब

पैशांची नड आली की नोकरदार माणसाला आधी मित्र आठवतात, मग बँक आणि मग कधीतरी शेजारच्या टेबलावरचा सहकारी हळूच सांगतो, “अरे, कंपनीकडून उचल घे की. मी मागच्या वर्षी घेतली होती.”

हा सल्ला बऱ्याचदा चांगला असतो. कंपनीला तुमचा पगार माहीत असतो, सिबिल स्कोअर बघायची गरज नसते, कागदपत्रं कमी लागतात आणि व्याजही बाहेरच्या पर्सनल लोनपेक्षा कमी असतं किंवा अजिबात नसतं. पण अर्जावर सही करताना बहुतेक लोक एकच प्रश्न विचारतात, “किती मिळतील?” महिन्याला नेमके किती कापले जाणार, व्याज कशावर लागणार आणि मधेच नोकरी सोडली तर काय होणार, हे प्रश्न नंतर सुचतात. तोपर्यंत पहिली सॅलरी स्लिप हातात आलेली असते.

हे सगळं एका उदाहरणातून बघूया.

समजा, चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत चार वर्षांपासून काम करणारा एक तरुण आहे. त्याचा महिन्याचा एकूण पगार म्हणजे ग्रॉस आहे ३८,००० रुपये. त्यात बेसिक आणि महागाई भत्ता मिळून २०,०००, घरभाडे भत्ता ८,००० आणि बाकी भत्ते १०,०००. पीएफचे २,४०० रुपये आणि व्यवसाय कराचे २०० रुपये कापून त्याच्या हातात ३५,४०० रुपये येतात. त्यातले ९,००० खोलीच्या भाड्याला जातात आणि ३,५०० रुपयांचा बाईकचा हप्ता दर महिन्याच्या ७ तारखेला बँकेतून आपोआप वळता होतो.

गावाकडच्या घराचं छप्पर पावसाळ्याआधी बदलायचं आहे. खर्च साधारण लाखभर. कंपनी त्याला ९६,००० रुपये द्यायला तयार आहे, परतफेड १२ महिन्यांत.

आधी हे ठरवा, की ही उचल आहे की कर्ज

बोलण्यात सगळ्यालाच ‘ॲडव्हान्स’ म्हटलं जातं, पण हिशोबात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे आगाऊ पगार. पुढच्या महिन्याचा पगार या महिन्यात दिला आणि पुढच्या महिन्यात तेवढा कमी दिला. यात व्याज सहसा नसतं. पण आयकराच्या दृष्टीने हा पगारच असतो आणि तो ज्या वर्षात हातात पडला त्याच वर्षाच्या उत्पन्नात धरला जातो. एखाद्याने मार्चमध्ये एप्रिल आणि मे महिन्यांचा पगार आगाऊ घेतला, तर त्या आर्थिक वर्षात त्याचा पगार १४ महिन्यांचा दिसतो. त्यामुळे वरच्या स्लॅबमध्ये जाऊन जास्त कर बसला तर दिलासा मागण्याची सोय कायद्यात आहे, मात्र तो मागावा लागतो. आपोआप मिळत नाही.

दुसरी म्हणजे पगारावर दिलेलं कर्ज, जे हप्त्यांनी फेडायचं असतं. ही रक्कम उत्पन्न नाही, म्हणून तिच्यावर थेट कर नाही. चाकणच्या तरुणाला मिळतंय ते हे दुसऱ्या प्रकारचं. कंपनीच्या पत्रात मात्र बहुतेक वेळा ‘सॅलरी ॲडव्हान्स’ असंच लिहिलेलं असतं, म्हणून नावावर न जाता परतफेडीचा रकाना वाचायचा. हप्ते लिहिले असतील तर ते कर्ज.

सरकारी नोकरीतला ‘सण अग्रिम’ याच जातीचा. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना १०,००० रुपयांचा बिनव्याजी सण अग्रिम जाहीर केला होता. तो १० हप्त्यांत पगारातून परत घ्यायचा होता. म्हणजे महिन्याला १,००० रुपये, वर व्याज काही नाही. हिशोब इतका सोपा असेल तर डोकं लावायची गरजच नाही. गडबड सुरू होते ती व्याज आल्यावर.

९ टक्के म्हणजे कोणते ९ टक्के?

आपल्या तरुणाला एचआरने सांगितलं, “व्याज फक्त ९ टक्के.” त्याने ९६,००० चे ९ टक्के काढले, ८,६४० रुपये आले. ठीक आहे म्हणाला. पण ९ टक्के दोन पद्धतींनी लावता येतात आणि दोन्हींत जवळपास दुपटीचा फरक पडतो.

पहिली पद्धत फ्लॅट रेटची. इथे व्याज सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर एकदाच काढतात. ९६,००० वर एक वर्षाचं ८,६४० रुपये. मुद्दल आणि व्याज मिळून १,०४,६४०. त्याला १२ ने भागलं की महिन्याचा हप्ता ८,७२० रुपये. पहिल्या महिन्यापासून शेवटच्या महिन्यापर्यंत तोच.

दुसरी पद्धत घटत्या शिलकीवर व्याज लावण्याची. इथे दर महिन्याला जेवढं मुद्दल बाकी आहे तेवढ्यावरच व्याज लागतं. ९ टक्के वर्षाला म्हणजे पाऊण टक्का महिन्याला. मुद्दल दर महिन्याला ८,००० ने कमी होतं. पहिल्या महिन्यात ९६,००० वर व्याज ७२० रुपये, म्हणून कपात ८,७२०. दुसऱ्या महिन्यात बाकी ८८,०००, व्याज ६६०, कपात ८,६६०. असं दर महिन्याला ६० रुपयांनी कमी होत शेवटच्या महिन्यात व्याज फक्त ६० रुपये आणि कपात ८,०६०. बारा महिन्यांचं एकूण व्याज भरतं ४,६८० रुपये.

पहिल्या महिन्याची कपात दोन्हीकडे सारखीच आहे, ८,७२० रुपये. त्यामुळे पहिली सॅलरी स्लिप बघून काहीच कळत नाही. फरक दुसऱ्या महिन्यात दिसतो. घटत्या पद्धतीत कपात ६० रुपयांनी खाली येते, फ्लॅटमध्ये येत नाही. कारण फ्लॅट पद्धत पहिल्या महिन्याचं ७२० रुपयांचं व्याज शेवटपर्यंत घेत राहते. अकराव्या महिन्यात या तरुणाकडे कंपनीचे फक्त १६,००० रुपये बाकी असतात, पण व्याज मात्र ९६,००० वापरतोय असंच धरलेलं असतं. वर्षाअखेर ३,९६० रुपये जास्त जातात. बँकेच्या भाषेत मोजलं तर हा फ्लॅट ९ टक्के म्हणजे घटत्या शिलकीवरचे साधारण १६ टक्के होतात. तेवढ्यात किंवा त्याहून कमी दरात काही नोकरदारांना बाहेर पर्सनल लोनही मिळू शकतं!

काही कंपन्या बँकेसारखा समान ईएमआय लावतात. व्याज घटत्या शिलकीवरच, पण दर महिन्याची कपात सारखी. इथे तो हप्ता ८,३९५ रुपये येतो आणि वर्षाचं एकूण व्याज साधारण ४,७४४. म्हणजे कपात दर महिन्याला सारखी आहे याचा अर्थ व्याज फ्लॅटच आहे असं नाही. ओळखायची खूण सोपी आहे. हप्ता गुणिले महिने करायचं आणि त्यातून मिळालेली रक्कम वजा करायची. ८,७२० गुणिले १२ केलं की १,०४,६४० येतात, ८,३९५ गुणिले १२ केलं की १,००,७४०. उरलेला आकडा म्हणजे तुमचं खरं व्याज. दर काहीही सांगू देत, हा आकडा खोटं बोलत नाही.

सरकारी खात्यांची आणखी एक वेगळीच पद्धत आहे. केंद्र सरकारच्या घरबांधणी अग्रिमात आधी फक्त मुद्दल कापतात, जास्तीत जास्त १८० हप्त्यांत. ते संपलं की मग साचलेलं सरळव्याज, जास्तीत जास्त ६० हप्त्यांत. त्यामुळे पंधरा वर्षं भरूनही “अजून कापतायत कशाला?” असा प्रश्न कर्मचाऱ्याला पडतो. ते व्याज असतं.

अजून एक बारीक गोष्ट. पैसे कोणत्या तारखेला मिळाले आणि पहिला हप्ता कधी कापला? समजा या तरुणाला पैसे २० जूनला मिळाले आणि जूनच्याच पगारातून पहिली कपात झाली. १० दिवसांचं व्याज साधारण २३७ रुपये होतं. पगाराचं सॉफ्टवेअर पूर्ण महिन्याचं गृहीत धरत असेल तर ७२० कापले जातात. रक्कम लहान आहे, पण विचारलं की बऱ्याचदा दुरुस्त होते. विचारलं नाही तर कोणी स्वतःहून सांगत नाही.

हातात किती उरतं?

आता सॅलरी स्लिप उघडूया. ग्रॉस ३८,०००, ते बदलत नाही. पीएफ २,४००, तोही तसाच, कारण तो बेसिकवर ठरतो. व्यवसाय कर २००. आणि खाली एक नवी ओळ, ‘लोन रिकव्हरी’ ८,७२०. हातात येतात २६,६८० रुपये.

इथे एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. पगार कमी झाला म्हणजे करही कमी होईल, असं वाटतं. तसं होत नाही. कर्जाचा हप्ता ही परतफेड आहे, पगार कमी झालेला नाही. फॉर्म १६ मध्ये पूर्ण पगारच दिसतो.

२६,६८० मधून भाडं आणि बाईकचा हप्ता गेला की उरतात १४,१८० रुपये. जेवण, मोबाईल, पेट्रोल आणि गावी पाठवायचे पैसे, सगळं त्यात. ओढाताण होते, पण एकटा माणूस ते निभावून नेतो.

बँकेच्या कर्जात आणि कंपनीच्या कर्जात इथेच मोठा फरक आहे. बँकेचा हप्ता पगार खात्यात आल्यावर जातो. वाईट महिना असेल तर निदान तुम्ही ठरवू शकता की आधी दवाखाना, मग हप्ता. दंड लागेल, पण निर्णय तुमचा. कंपनीचा हप्ता पगार खात्यात येण्याआधीच कापलेला असतो. कंपनी कायम रांगेत पहिली उभी असते आणि घरमालक, बाईकवाला, किराणावाला तिच्या मागे.

याचा चटका कधी बसतो? समजा पाचव्या महिन्यात हा तरुण डेंग्यूने आजारी पडला. शिल्लक रजा नव्हती, ८ दिवस बिनपगारी गेले. ३० दिवसांच्या महिन्यात ग्रॉस उतरतो २७,८६७ रुपयांवर. पीएफ थोडा कमी होऊन १,७६०, व्यवसाय कर २००. पगार कमी झाला म्हणून हप्ता कमी होत नाही, ८,७२० पूर्ण कापले जातात. हातात येतात १७,१८७. भाडं आणि बाईकचा हप्ता वजा केला की महिनाभरासाठी ४,६८७ रुपये.

अशा महिन्यासाठी बऱ्याच कंपन्यांच्या नियमांत एक हप्ता पुढे ढकलायची सोय असते. पण पगाराचा हिशोब महिन्याच्या साधारण २०-२५ तारखेला बंद होतो. त्याआधी अकाउंट्सला लेखी कळवलं तर जमतं. पगार झाल्यावर गेलं की उत्तर ठरलेलं असतं, “आता पुढच्या महिन्यात बघू.”

कंपनी वाट्टेल तेवढं कापू शकते का?

नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार एका महिन्यात पगारातून होणाऱ्या सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नयेत. सगळ्या म्हणजे पीएफ, कंपनीचं कर्ज, कँटीन, पतसंस्थेचा हप्ता, सगळं धरून.

आधीच्या १९३६ च्या वेतन कायद्यातही ५० टक्क्यांची मर्यादा होती, पण दोन फरक होते. एक तर तो कायदा ठरावीक पगारापर्यंतच लागू होता, शेवटी ही मर्यादा महिन्याला २४,००० रुपये होती. चाकणचा आपला तरुण त्याच्या बाहेर पडला असता. नव्या संहितेत ही पगाराची अट राहिलेली नाही. दुसरं म्हणजे जुन्या कायद्यात सहकारी संस्थेचा हप्ता असेल तर कपात ७५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकत होती. नव्या संहितेत ती जादा सवलत नाही. महाराष्ट्रात कारखान्या-कारखान्यात कामगारांच्या पतसंस्था आहेत, त्यामुळे हा बदल इथे जास्त जाणवणारा आहे.

या तरुणाची कपात बघा. २,६०० अधिक ८,७२०, म्हणजे ११,३२० रुपये. ३८,००० च्या साधारण ३० टक्के. मर्यादेत आहे. त्याने पतसंस्थेचंही कर्ज घेतलं असतं आणि ६,००० चा हप्ता असता, तर कपात १७,३२० झाली असती, म्हणजे जवळपास ४६ टक्के. कायद्याने चालतं, पण हातात २०,६८० उरले असते. कायद्याची रेषा आणि घर चालायची रेषा वेगवेगळ्या जागी असतात. बाईकचा हप्ता आणि भाडं या ५० टक्क्यांत धरलेलंच नाही, कारण ते पगारातून नाही, खात्यातून जातं.

कायद्यात एक छोटी पण कामाची तरतूद आहे. नोकरी सुरू होण्याआधी प्रवासखर्चासाठी कंपनीने आगाऊ पैसे दिले असतील तर ते पगारातून परत घेता येत नाहीत. नागपूरहून पुण्याला रुजू व्हायला दिलेले तिकिटाचे पैसे पहिल्या पगारात कापलेले दिसले, तर विचारायचा हक्क आहे.

बिनव्याजी कर्जावर कर?

कंपनीने बिनव्याजी किंवा कमी व्याजाने पैसे दिले, तर वाचलेलं व्याज हा तुम्हाला मिळालेला फायदा आहे असं आयकर खातं मानतं आणि तो फायदा उत्पन्नात धरतं. १९६२ च्या आयकर नियमांत याची पद्धत दिली आहे. आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवशी स्टेट बँकेचा तशाच कर्जाचा जो दर असेल तो घ्यायचा, दर महिनाअखेरच्या बाकीवर व्याज काढायचं आणि तुम्ही प्रत्यक्ष दिलेलं व्याज त्यातून वजा करायचं. या नियमांत सगळी कर्जं मिळून २०,००० रुपयांपर्यंत असतील तर सूट होती. कॅन्सर, टीबीसारख्या नियमांत नमूद केलेल्या आजारांच्या उपचारासाठी घेतलेल्या कर्जालाही सूट, विम्यातून भरपाई मिळालेला भाग सोडून. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यामुळे त्यानंतरच्या वर्षांसाठी सध्याची मर्यादा किती हे अकाउंट्सकडून विचारून घ्यावं.

चाकणच्या तरुणाला याची काळजी नाही, कारण वर्षाला ४,५६,००० पगारावर त्याला करच बसत नाही. पण २०२४-२५ या वर्षात १८ लाख पगार असलेल्या एखाद्या मॅनेजरने एप्रिलच्या सुरुवातीला ३ लाख बिनव्याजी घेतले आणि महिन्याला २५,००० असे फेडले असं समजा. स्टेट बँकेचा दर हिशोबापुरता ११ टक्के धरला, तर वाचलेलं व्याज येतं १५,१२५ रुपये. ते उत्पन्नात मिळवून ३० टक्के कर आणि त्यावरचा सेस धरला की ४,७१९ रुपये कर. म्हणजे ‘बिनव्याजी’ कर्ज त्याला ४,७१९ रुपयांना पडलं. बाहेरच्या कर्जापेक्षा खूप स्वस्तच, फक्त फुकट नाही. हा टीडीएस दर महिन्याला थोडाथोडा कापला जातो किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम. दुसरं झालं की मार्चची स्लिप बघून धक्का बसतो.

याच मुद्द्यावर बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या होत्या. बँकांचे कर्मचारी आपल्याच बँकेतून सवलतीत कर्ज घेतात, त्यावर कर कसा आणि तुलना स्टेट बँकेशीच का, असा वाद होता. ७ मे २०२४ रोजी कोर्टाने नियम वैध ठरवला. सवलतीचं व्याज हा नोकरीमुळे मिळालेला फायदा आहे आणि सगळ्यांसाठी एकच मोजपट्टी ठेवणं अन्यायकारक नाही, असं कोर्टाने म्हटलं.

खरी परीक्षा राजीनाम्याच्या दिवशी

पाच हप्ते फेडून झाले. चाकणच्या तरुणाला रांजणगावला ४५,००० ची ऑफर आली. त्याने राजीनामा दिला, नोटीस पूर्ण केली, सहाव्या महिन्याच्या शेवटी त्याचा शेवटचा दिवस. आता फुल अँड फायनलचा कागद बघा.

कंपनीने द्यायचे पैसे असे. शेवटच्या महिन्याचा पगार ३५,४००. शिल्लक राहिलेल्या १२ रजांचे पैसे, बेसिक भागिले २६ गुणिले १२, म्हणजे ९,२३१. एकूण ४४,६३१. ग्रॅच्युइटी नाही, कारण त्याची चारच वर्षं झाली आहेत.

त्याने द्यायचे पैसे, घटत्या शिलकीच्या पद्धतीने धरले तर, मुद्दल ५६,००० आणि चालू महिन्याचं व्याज ४२०. एकूण ५६,४२०.

म्हणजे चार वर्षं काम करून निघताना त्याला काही मिळत नाही, उलट ११,७८९ रुपये स्वतःच्या खिशातून भरायचे आहेत. नव्या नोकरीचा पहिला पगार अजून महिनाभर लांब आहे. आणि नव्या कंपनीला हवं असलेलं रिलिव्हिंग लेटर जुन्या कंपनीकडे आहे, जे ‘नो ड्यूज’ झाल्याशिवाय सहसा दिलं जात नाही.

फ्लॅट पद्धत असेल आणि कंपनीने पूर्ण वर्षाचं व्याज मागितलं, तर बाकी निघते ६१,०४०. म्हणजे आणखी ४,६२० रुपये, तेही न वापरलेल्या महिन्यांचं व्याज. म्हणून अर्जावर सही करतानाच एक प्रश्न लेखी विचारून ठेवायचा, मुदतीआधी फेडलं तर पुढचं व्याज माफ होतं की नाही?

शेवटच्या पगारातून एकदम एवढी रक्कम वळती करता येते का, यावर कायम वाद होतात. ५० टक्क्यांची मर्यादा वेतनाला आहे आणि शेवटचा पगारही वेतनच आहे, असं कर्मचारी म्हणतो. तू सही केलेल्या करारात ‘नोकरी सोडल्यास सर्व बाकी एकरकमी’ असं लिहिलंय, असं कंपनी म्हणते. नव्या संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्या माणसाचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे, त्यामुळे घासाघीस करायला वेळही कमी मिळतो. राजीनामा द्यायच्या आधीच अकाउंट्सकडून बाकीचं पत्र घेऊन हप्त्यांबद्दल बोलून ठेवलं, तर बऱ्याच ठिकाणी दोन-तीन पुढच्या तारखांचे चेक घेऊन माणसाला मोकळं करतात. मात्र तो चेक वटला नाही तर प्रकरण फौजदारी होतं, हे लक्षात ठेवून तारीख टाकायची. सुरुवातीलाच कोरा चेक मागितला तर निदान रक्कम तरी भरून द्यावी.

दोन गोष्टी कंपनी करू शकत नाही. पीएफ खात्यातले पैसे कर्जापोटी वळते करू शकत नाही, ते पैसे कायद्याने जप्तीपासून सुरक्षित आहेत. आणि “पैसे फिटल्याशिवाय नोकरी सोडता येणार नाही” असं म्हणू शकत नाही. पैसे वसूल करायचा हक्क वेगळा, माणूस अडकवून ठेवायचा वेगळा. ‘उचल’ हा शब्द महाराष्ट्रात सगळ्यात जास्त ऐकू येतो तो ऊसतोडीच्या हंगामात, जिथे मुकादम नवरा-बायकोच्या कोयत्याला हंगामाआधी रक्कम देतो आणि ती तोडलेल्या उसाच्या टनांतून फिटते. फिटली नाही तर पुढच्या हंगामातही त्यालाच बांधील राहावं लागतं. आगाऊ पैशाच्या बदल्यात माणसाचं काम सोडण्याचं स्वातंत्र्य काढून घेणं हे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने बंद केलं आहे. हा कायदा ऊसतोडीला लागू आहे तसाच काचेच्या ऑफिसलाही.

जामीनदार सहकाऱ्याचंही बघून घ्या. काही कंपन्या कर्ज देताना दुसऱ्या कायम कर्मचाऱ्याची सही घेतात. कर्जदार बाकी न भरता गायब झाला, तर वसुली त्या सहकाऱ्याच्या पगारावर येते. चहाच्या टपरीवर “एक सही कर ना यार” म्हणून केलेली ती सही असते.

चाकणच्या तरुणाला यातून वाट निघाली असती का? हो. त्याने ९६,००० ऐवजी ६०,००० घेतले असते आणि उरलेले ३६,००० साठवलेल्या पैशांतून घातले असते, तर महिन्याचं मुद्दल ५,००० झालं असतं. पाच हप्त्यांनंतर बाकी ३५,००० आणि व्याज २६३ रुपये. फुल अँड फायनलमध्ये ते फिटून ९,३६८ रुपये हातात आले असते. नोकरी बदलायचा विचार मनात असेल तर कर्जाची रक्कम हप्ता झेपेल का यावर नाही, तर शेवटच्या पगारात आणि रजांच्या पैशांत बाकी मावेल का यावर ठरवायची.

आणि नोकरी न सोडता पूर्ण फेडलं तर? तेराव्या महिन्याची स्लिप जरूर उघडून बघा. कपातीची शेवटची तारीख सॉफ्टवेअरमध्ये चुकीची भरली गेली, तर तेरावा हप्ताही कापला जातो. स्लिपवर कर्जाची बाकी छापून येत असेल तर ती शून्य दिसायला हवी. येत नसेल तर बारा स्लिपांमधल्या कपातींची बेरीज करायची आणि कर्ज फिटल्याचं पत्र अकाउंट्सकडून मागून घ्यायचं. पुढे होम लोनसाठी बँक शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा मागते, तेव्हा त्यात ‘लोन रिकव्हरी’ची ओळ असेल तर मंजूर होणारी रक्कम कमी होते. ती ओळ का आहे आणि कधी संपली, हे त्या पत्रावरूनच दाखवता येतं.